कर वाचतो म्हणून घर?

पुण्यातल्या कुठल्याही गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात गेलात की चहा-पाण्यानंतर समोर एक कागद सरकवला जातो. त्याला कॉस्ट शीट म्हणतात. फ्लॅटची किंमत, पार्किंग, जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि महिन्याचा हप्ता असे रकाने त्यात असतात. त्यांच्या खाली बहुधा हातानं लिहिलेली एक ओळ असते: ‘करबचत वर्षाला १,०९,२००’. मग विक्रीवाला तरुण भागाकार करून दाखवतो. महिन्याला ९,१०० रुपये सरकार भरतंय, म्हणजे ४३ हजारांचा हप्ता तुम्हाला ३४ हजारांतच पडला.

हा आकडा हवेतून येत नाही. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरचं व्याज कलम २४(ब) खाली वर्षाला २ लाखांपर्यंत वजा होतं. मुद्दलाची फेड कलम ८०सी च्या दीड लाखाच्या मर्यादेत बसते. दोन्ही मिळून साडेतीन लाख होतात. त्यावर ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर धरला की बरोबर १,०९,२०० येतात. बेरीज बिनचूक आहे, तरीही आज पहिलं घर घेणाऱ्या बहुतेक पगारदारांसाठी ही ओळ खोटी आहे. घर परवडतं की नाही याचा हिशेब करताना या ओळीत शून्य लिहावं, असं माझं मत आहे. ते का, हे एका उदाहरणानंच नीट कळेल.

अमृता नावाची एक काल्पनिक नोकरदार घेऊ. पुण्यात नोकरी, वार्षिक पगार १८ लाख, त्यातलं मूळ वेतन ७ लाख २० हजार. भाड्याच्या घरात राहते, भाडं महिना २५ हजार. तिनं जून २०२३ मध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ६२ लाखांचा फ्लॅट घेतला आणि बँकेकडून ५० लाखांचं कर्ज काढलं. व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. पूर्ण हप्ता एप्रिल २०२५ पासून सुरू झाला: ४३,३९१ रुपये. किल्ल्या मिळाल्या डिसेंबर २०२५ मध्ये.

वर्षभरात तिचे ५ लाख २१ हजार रुपये हप्त्यांत जातात. पहिल्या वर्षी त्यातले सुमारे ४ लाख २१ हजार व्याजाचे असतात आणि मुद्दल जेमतेम ९९,५०० रुपयांनी उतरतं. वीस वर्षांच्या कर्जाची सुरुवात अशीच व्याजानं भरलेली असते. इथंच पहिली गफलत दिसते. व्याज सव्वाचार लाखांच्या आसपास असलं तरी वजावट २ लाखांवर थांबते. उरलेल्या सव्वादोन लाखांची करात कुठंही दखल घेतली जात नाही. ते पुढच्या वर्षी ओढताही येत नाहीत.

दुसरी गफलत ८०सी ची. पगारदाराच्या बाबतीत हे कलम घर घेण्याआधीच अर्ध्याहून अधिक भरलेलं असतं. अमृताच्या पगारातून मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे ८६,४०० रुपये, भविष्य निर्वाह निधीत जातात आणि तेही याच कलमात मोजले जातात. तेव्हा मुद्दलासाठी जागा उरली ६३,६०० रुपयांची. जिचा आयुर्विमा आणि पीपीएफ आधीपासून चालू आहे, तिच्यासाठी ती जागाही नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांनाही ८०सी मध्ये स्थान आहे, असं विक्रीवाला आवर्जून सांगतो. ते खरं आहे, पण तेही याच दीड लाखात. पुण्यात हे शुल्क काही लाखांत जातं आणि करारनाम्याच्या वर्षीच भरावं लागतं, म्हणजे बहुतेक रक्कम मर्यादेवरून वाहूनच जाते. जीएसटीला तर ८०सी मध्ये जागाच नाही.

म्हणजे कर्जामुळे अमृताच्या वजावटीत खरी भर पडते ती २ लाख व्याजाची आणि ६३,६०० मुद्दलाची. जुन्या प्रणालीत त्याचा कर ८२,२४३ रुपये होतो. १,०९,२०० वरून आपण इथवर उतरलो.

तिसऱ्या गफलतीबद्दल विक्री कार्यालयात कुणी बोलत नाही, कारण ती घराच्या कागदांत नसून पगाराच्या चिठ्ठीत असते. अमृता भाड्यानं राहते तोवर जुन्या प्रणालीत तिला घरभाडे भत्त्याची सूट मिळते. सूत्र सोपं आहे. मिळालेला भत्ता, भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम, आणि पुण्यात २०२५-२६ साठी मूळ वेतनाचे ४० टक्के (मुंबईत ५० टक्के), या तिन्हींत जे सर्वांत कमी ते करमुक्त. अमृताचं भाडं वर्षाला ३ लाख. त्यातून ७२ हजार गेले की २ लाख २८ हजार उरतात. तिचा भत्ता मूळ वेतनाच्या ४० टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजार आहे, त्यामुळे हाच आकडा सर्वांत कमी ठरतो. स्वतःच्या घरात राहायला गेली त्या दिवशी ही सूट संपली. २ लाख २८ हजारांवरचा कर ७१,१३६ रुपये. आता ८२,२४३ मधून ७१,१३६ वजा करा.

११,१०७ रुपये. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात गेल्याबद्दल जुन्या प्रणालीनं अमृताला वर्षाला दिलेली ही खरी करबचत. महिन्याला हजाराच्याही आत.

हा योगायोग नाही, व्यवस्थेची रचनाच तशी आहे. राहत्या घरासाठी कायद्यात दोन दारं आहेत, एक भाडेकरूचं आणि एक मालकाचं. दोन्ही एकाच वेळी उघडी असण्याचे प्रसंग थोडे. बांधकाम चालू असताना भाड्याची सूट मिळते, पण व्याजाची वजावट मिळत नाही, कारण घर पूर्ण झालेलं नाही. ताबा मिळाला की व्याज मिळतं, पण भाडं थांबलेलं असतं. दोन्ही एकत्र येतात ते ताब्याच्या वर्षात, तेही काही महिन्यांपुरतं. म्हणून पहिलं घर घेणाऱ्यासाठी करनियोजनाच्या दृष्टीनं सर्वांत भरलेलं वर्ष तेच. ते वर्षही आता पुरेसं नाही, कारण मधल्या काळात नवी करप्रणाली आली.

ही प्रणाली २०२०-२१ पासून पर्याय म्हणून होती. २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली झाली. जुनी हवी असेल तर ती मागावी लागते. नव्या प्रणालीत ८०सी नाही, घरभाडे भत्त्याची सूट नाही आणि राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. त्याच्या बदल्यात २०२५-२६ साठी दर असे आहेत: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांवर ३० टक्के. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी.

अमृताचा नव्या प्रणालीतला हिशेब दोन ओळींत होतो. १८ लाखांतून ७५ हजार गेले, राहिले १७ लाख २५ हजार. त्यावर १ लाख ४५ हजार कर आणि उपकर धरून १,५०,८००. घर घेतलं काय, नाही घेतलं काय, आकडा बदलत नाही.

जुन्या प्रणालीत ताब्याचं वर्ष, म्हणजे २०२५-२६, तिच्या बाजूनं शक्य तितकं ओढून मांडू. प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर २,५००, आरोग्य विम्याचा हप्ता २५ हजार, ८०सी पूर्ण दीड लाख, व्याज २ लाख आणि नऊ महिन्यांच्या भाड्याची सूट १ लाख ७१ हजार. एकूण ५ लाख ९८ हजार ५०० रुपये वजा. करपात्र उत्पन्न १२ लाख १ हजार ५००, कर उपकरासह १,७९,८६८. सर्वांत चांगल्या वर्षीही जुनी प्रणाली तिला २९ हजार रुपयांनी महाग पडते. पुढच्या वर्षी, नुसतं घर आणि भाडं नाही अशा स्थितीत, हा फरक ८२ हजारांवर जातो.

१८ लाख पगारावर जुनी प्रणाली नव्याशी बरोबरी करायला किती वजावट लागते ते काढलं तर प्रमाणित वजावट धरून सुमारे ६ लाख ९२ हजार येतात. पगार १५ लाख असेल तर ५ लाख ९४ हजार. पगार २४ लाख ७५ हजारांच्या वर गेला की आकडा साडेआठ लाखांवर स्थिरावतो. आणि ज्याचा पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत आहे त्याला नव्या प्रणालीत सवलत धरून करच नाही, तेव्हा गृहकर्जाची वजावट कशातून वजा करायची हाच प्रश्न. गृहकर्ज जास्तीत जास्त साडेतीन लाख देतं. उरलेला डोंगर दुसऱ्या कुठल्या तरी वजावटीनं चढावा लागतो आणि ती बहुधा घरभाडे भत्त्याचीच असते, जी घर घेतल्यावर जाते.

इथं बरेच जण म्हणतील की जोडीदाराला सहकर्जदार केलं की सगळं दुप्पट होतं. दोघंही मालक, दोघंही कर्जदार, तर प्रत्येकाला २ लाख व्याज आणि दीड लाख मुद्दल. कायदा तसंच म्हणतो. सव्वाचार लाखांचं व्याज निम्मं-निम्मं केलं तर दोघांच्याही २ लाखांच्या मर्यादा जवळपास भरतात, म्हणजे अमृताचं वाया जाणारं व्याज नवऱ्याच्या नावावर कामी येतं. पण कर प्रत्येकाचा वेगळा मोजला जातो, त्यामुळे ती सहा-सात लाखांची चढणही प्रत्येकाला वेगळी चढावी लागते. तोकडी शिडी दोघांना दिली म्हणून दोघांपैकी कुणीही भिंतीवर चढत नाही. संयुक्त मालकीची इतर कारणं चांगली आहेत. कर्जाची पात्रता वाढते, वारसाहक्काचा गुंता कमी होतो. त्यांसाठी जरूर करा. करबचतीसाठी करत असाल तर आधी दोघांचे हिशेब दोन वेगळ्या कागदांवर मांडून पाहा.

आता बांधकाम काळातल्या व्याजाकडे वळू, कारण याबद्दलचा गैरसमज सर्वांत चिवट आहे. घर पूर्ण होईपर्यंत भरलेलं व्याज बुडत नाही, ते पुढे पाच वर्षांत समान वाटून मिळतं, हे बहुतेकांना माहीत असतं. नियमाची नेमकी रेघ अशी आहे: बांधकाम ज्या आर्थिक वर्षात पूर्ण झालं त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं व्याज पूर्वबांधकाम व्याज. अमृताच्या बाबतीत जून २०२३ ते मार्च २०२५. तिचं ते व्याज ४ लाख धरू. २०२५-२६ पासून पाच वर्षं दरवर्षी ८० हजार तिला मिळायला हवेत. पण ते २ लाखांच्या मर्यादेच्या आतच बसवायचे असतात. तिचं चालू वर्षाचं व्याजच मर्यादेच्या दुप्पट आहे, त्यामुळे ८० हजारांना जागाच नाही. पाचही वर्षं ते वाया. ज्यांच्या कर्जाची रक्कम छोटी आहे, ज्यांनी ते संयुक्त घेतलं आहे, किंवा ज्यांनी घर भाड्यानं दिलं आहे, त्यांनाच हे पाच हप्ते खरे मिळतात.

मुद्दलाची गत याहून वाईट आहे. ताब्याआधी फेडलेल्या मुद्दलासाठी पाच हप्त्यांची सोय नाही. ते गेलं ते गेलं. म्हणून जुन्या प्रणालीत राहणाऱ्यानं बांधकाम चालू असताना मुद्दल फेडलं तर त्याला ८०सी चा लाभ नाही, आणि फक्त व्याज भरत राहिला तर बहुतेकदा तेही मर्यादेमुळे वाया. ८०सी साठी आणखी एक अट आहे. कर्ज बँक, गृहवित्त कंपनी अशा ठरावीक संस्थांकडूनच असावं लागतं. काकांकडून घेतलेल्या पैशाच्या व्याजावर, दाखला असेल तर, २४(ब) लागू होतं, पण त्याच कर्जाच्या मुद्दलावर ८०सी लागू होत नाही.

आपल्याकडे याहून मोठा धोका उशिराचा आहे. २ लाखांची मर्यादा मिळायची तर ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं. नाही झालं तर मर्यादा ३० हजारांवर येते, आणि ती कायमची. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, २०१६ च्या अर्थसंकल्पात ती पाच झाली. अमृताचं कर्ज २०२३-२४ मधलं, तिला मार्च २०२९ पर्यंत अवधी होता. पण कुणी नोव्हेंबर २०१९ मध्ये कर्ज घेतलं आणि इमारत २०२५ च्या पावसाळ्यात पूर्ण झाली, तर ३१ मार्च २०२५ ही रेघ ओलांडली गेली. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख आणि तिला मिळालेली मुदतवाढ दिसते. जुन्या प्रणालीच्या भरवशावर घर घेणाऱ्यानं कर्जाच्या तारखेशी ती जुळवून पाहावी. पूर्णत्वाचा पुरावा म्हणून भोगवटा प्रमाणपत्र हाताशी हवं. बिल्डरनं ‘फर्निचर करून घ्या’ म्हणून दिलेली किल्ली म्हणजे पूर्णत्व, असं समजू नये.

ज्यांना जुनी प्रणाली आजही फायद्याची आहे असे लोक आहेत, फक्त ते विक्री कार्यालयातल्या सरासरी ग्राहकासारखे नसतात. मुंबईत नोकरी करणारा एखादा घ्या. पगार तोच १८ लाख, मूळ वेतन ९ लाख, त्याच्या निम्मा साडेचार लाख घरभाडे भत्ता, भाडं महिना ४५ हजार. त्यानं आई-वडिलांसाठी नाशिकला फ्लॅट घेतला आहे. त्याची दोन्ही दारं एकदम उघडी आहेत. मुंबईच्या भाड्यावर साडेचार लाखांची सूट आणि नाशिकच्या घराचं २ लाख व्याज. ८०सी, आरोग्य विमा, व्यवसाय कर आणि प्रमाणित वजावट मिळून एकूण पावणेनऊ लाखांच्या वर जातं आणि जुनी प्रणाली त्याला जवळपास ५० हजारांनी स्वस्त पडते. नोकरीच्या गावी राहतं घर भाड्याचं आणि मालकीचं घर दुसरीकडे, ही घडी बसली तरच गृहकर्जाची वजावट खऱ्या अर्थानं कामाला लागते.

ज्यांचं घर भाड्यानं दिलेलं आहे त्यांचा हिशेब वेगळा. तिथं व्याजावर २ लाखांची मर्यादा नाही आणि नव्या प्रणालीतही ते भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं. पण घरपट्टी आणि ३० टक्के सरसकट वजावट गेल्यावर महिना २० हजार भाड्यातून वर्षाला दीड-पावणेदोन लाखच उरतात. व्याज सव्वाचार लाख. उरलेला तोटा जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो आणि शिल्लक आठ वर्षं पुढे नेता येते. नव्या प्रणालीत तो पगाराला लावता येत नाही. भाड्यावरचा कर वाचला, एवढंच समाधान.

आणखी एक जमात म्हणजे ८०ईईए ची. एप्रिल २०१९ ते मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या, ४५ लाखांपर्यंत मुद्रांक मूल्य असलेल्या पहिल्या घराच्या कर्जावर दीड लाखांची जादा व्याजवजावट होती. ज्यांनी तेव्हा कर्ज घेतलं त्यांना ती आजही मिळते, फक्त जुन्या प्रणालीत. नव्या ग्राहकासाठी हे दार २०२२ लाच बंद झालं. अजूनही काही एजंट त्याचा उल्लेख करतात, तेव्हा मंजुरीची तारीख विचारावी.

सरकारनं हे असं का केलं, असा प्रश्न कुणालाही पडेल. व्याजाची २ लाखांची आणि ८०सी ची दीड लाखांची मर्यादा २०१४ मध्ये ठरली, ती आजवर तशीच आहे. घरांच्या किमती मात्र थांबल्या नाहीत. वजावट रद्द न करता तिला हळूहळू निष्प्रभ होऊ दिलं, आणि शेजारी कमी दराची वाट काढून दिली. यामागचा विचार मला चूक वाटत नाही. भाड्यानं राहणाऱ्या माणसानं जास्त कर भरावा आणि त्यातून घरमालकाचं व्याज स्वस्त व्हावं, याला न्याय म्हणणं अवघड आहे. सवलतीचा मोठा हिस्सा बिल्डरच्या किमतीत मुरतो, हाही संशय आहेच. पण ज्यांनी त्या सवलतीच्या भरवशावर वीस वर्षांचं कर्ज घेतलं त्यांना दिलेला शब्द हलक्या पावलांनी मागे घेतला, ही तक्रारही खरी आहे. वीस वर्षांचं कर्ज आणि दर फेब्रुवारीला बदलू शकणारी करव्यवस्था यांची सांगड घालणं हे मुळातच धाडसाचं आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर अधिनियमात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. ८०सी ची जागा कलम १२३ नं घेतली आहे.

मग वर्षाचं नियोजन म्हणून प्रत्यक्ष करायचं काय? एप्रिलमध्ये कंपनीला प्रणाली सांगताना दोन्ही हिशेब एकदा मांडा. नंतर मत बदललं तरी बिघडत नाही. निव्वळ पगारदार विवरणपत्र भरताना दुसरी प्रणाली निवडू शकतो, मात्र जुनी निवडायची तर विवरणपत्र मुदतीतच भरावं लागतं. उशिरा भरलं की नवी प्रणालीच लागते. ताब्याच्या वर्षी, आणि नोकरीचं गाव बदलेल त्या वर्षी, हिशेब नव्यानं करायला हवा. जुनी प्रणाली निवडणार असाल तर बँकेचा अंतिम व्याज दाखला मार्चनंतर घ्या. जानेवारीत कंपनीला दिलेला तात्पुरता दाखला अंदाजाचा असतो आणि मध्ये व्याजदर बदलला तर दोन्हींत फरक पडतो. २०२५-२६ या कर निर्धारण वर्षापासून विवरणपत्रात कर्ज देणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक कर्ज हे सगळं भरावं लागतं, त्यामुळे अंदाजे २ लाख लिहून सुटण्याचे दिवस गेले. ताब्याचं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं तर मुद्दलावर आजवर घेतलेली सगळी ८०सी वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत येते, हेही जुन्या प्रणालीवाल्यानं नोंदवून ठेवावं. नव्या प्रणालीतल्यानं काही घेतलंच नाही, त्यामुळे त्याला परत करायचंही काही नाही.

नव्या प्रणालीत राहणाऱ्या अमृतासारखीला करकपातीसाठी खरा हात मिळतो तो घराबाहेर. तिच्या कंपनीनं पगाराच्याच रकमेतून मूळ वेतनाच्या १४ टक्के, म्हणजे १ लाख ८०० रुपये, राष्ट्रीय निवृत्ती योजनेत भरले तर ते नव्या प्रणालीतही वजा होतात आणि तिचा कर सुमारे २१ हजारांनी कमी होतो. हा पैसा निवृत्तीपर्यंत अडकतो आणि हातात येणारा पगार घटतो, हे तिनं आधी पाहावं, कारण हप्ता चालू आहे.

आणि एक जुना सल्ला तिनं बाजूला ठेवावा. ‘गृहकर्ज लवकर फेडू नका, कराचा फायदा जाईल’ असं वडीलधारी मंडळी आणि कार्यालयातले अनुभवी सहकारी अजून सांगतात. जुन्या प्रणालीत, ३० टक्क्यांच्या टप्प्यात, वजा होणाऱ्या २ लाखांच्या व्याजाचा दर साडेआठवरून पावणेसहाच्या किंचित वर येत असे. तेव्हा तो सल्ला निदान विचार करण्याजोगा होता. नव्या प्रणालीत कर्जाचा दर पूर्ण साडेआठच आहे. तिकडे पीपीएफ ७.१ टक्के देतो आणि ८०सी च नसल्यामुळे तिथं पैसे टाकण्याचं जादा कारण उरलेलं नाही. सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी बाजूला असेल तर अमृतानं पहिल्या वर्षाच्या शेवटी १ लाख रुपये कर्जात जादा भरावेत आणि हप्ता तोच ठेवावा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. त्या एका लाखानं तिच्या कर्जाच्या शेपटाचे सुमारे ११ हप्ते कमी होतात आणि एकूण व्याजात ३ लाख ८० हजारांच्या आसपास बचत होते. बँकेकडे अर्ज देताना ‘हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा’ असं लेखी मागावं आणि नंतर नवं परतफेड वेळापत्रक हातात घेऊन शेवटच्या हप्त्याची तारीख मागे सरकली आहे ना, ते पाहून घ्यावं.